पहिल्या इमर्जन्सीच्या रात्रीआधी: युनिटमध्ये येणाऱ्या नव्या डॉक्टरला

मॅडम, एमडी मेडिसिनसाठी मला तुमचं युनिट मिळालं आहे, सोमवारी रुजू होतेय. अभ्यास करून येईन, पण पहिल्या इमर्जन्सीच्या रात्रीची धास्ती वाटते. तुमची नेमकी काय अपेक्षा असते? रात्री कुणाला, कधी फोन करायचा? आणि एखादा पेशंट माझ्या डोळ्यांदेखत बिघडत असेल तर ते मला कळेल का?

प्रिय डॉक्टर,

आधी अभिनंदन. इंटर्नशिप करता करता पीजीचा अभ्यास करणं म्हणजे काय असतं हे मला ठाऊक आहे, त्यामुळे मनापासून करते. सोमवारपासून तू आमची आहेस. युनिटमधले सगळे तुझी वाट बघताहेत, सिस्टर तर सगळ्यांत जास्त, कारण गेले पंधरा दिवस जेआर-वनच्या जागेवरचं काम जेआर-टू ओढतेय आणि तिच्या चेहऱ्यावर ते दिसतं.

रोजचा क्रम तुला आठवड्याभरात आपोआप अंगवळणी पडेल, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. सकाळी आठला राउंड, तोपर्यंत रात्रीचे रिपोर्ट केसपेपरवर उतरलेले हवेत. आठवड्यात एक ओपीडीचा दिवस आणि एक इमर्जन्सीचा. इमर्जन्सीच्या दिवशी कॅज्युअल्टीतून मेडिसिनचा जो पेशंट भरती होईल तो आपला, आणि दुसऱ्या दिवशीचा पोस्ट-इमर्जन्सी राउंड सगळ्यांत लांब. एनएमसीच्या २०२३च्या पीजी नियमांत आठवड्याला एक सुट्टी लिहिलेली आहे, कामाची निकड बघून. आमच्याकडे ती तुला मिळेल. कोणता वार ते जेआर-टूशी बोलून ठरव आणि मला सांग, म्हणजे मी पाळून घेईन.

तुझा शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे, आणि त्याचं उत्तर मी एका पेशंटवरून देणार आहे. तिच्यामुळे मी रात्री कॅज्युअल्टीत कशी उभी राहते ते कायमचं बदललं.

मी तेव्हा जेआर-वन होते, दुसऱ्या एका सरकारी हॉस्पिटलात. जुलै महिना, भातलावणीचे दिवस. पहाटे पाचच्या सुमारास तिशीच्या एका बाईला नवऱ्यानं आणि दिरानं जीपमधून आणलं. तक्रार एकच, पोटात कळा येतात. एकदा उलटी झाली होती. रात्री सगळे शेतातल्या खोपटात जमिनीवर झोपले होते, चारच्या सुमारास ती पोट धरून उठली. नाडी ९६, बीपी १३०/८०, पोट मऊ, पाळी वेळच्या वेळी. कॅज्युअल्टीत एकच पल्स ऑक्सिमीटर होता, तो लावला तर ९८. मी रॅनिटिडिनचं इंजेक्शन लिहिलं, सलाईन लावलं आणि तिला भिंतीकडच्या खाटेवर ठेवलं. त्या रात्रीचा तो माझा सतरावा पेशंट होता.

साडेसहाला मी जवळून जाताना ती म्हणाली, "डोळे जड झालेत बाई, उघडवत नाहीत." रात्रभर झोप नाही, म्हणून होत असेल असं मी धरलं आणि पुढे गेले. सातनंतर वॉर्डातल्या मावशी माझ्याकडे आल्या. कोपऱ्यातली बाई थुंकी गिळत नाहीये, तोंडातून गळतीये, एवढंच त्या म्हणाल्या. मी गेले. ऑक्सिमीटरवर तेव्हाही ९७ होते. मी तिला म्हटलं, उशीवरून डोकं उचल. तिनं प्रयत्न केला. मानेचे स्नायू ताणलेले दिसले, पण डोकं हललंही नाही. आवाज नाकातून येत होता आणि छाती जेमतेम वर येत होती.

ती मण्यारीच्या दंशाची केस होती. अंगावर दाताची खूण कुठेच नव्हती, सूज नव्हती, साप कुणी पाहिला नव्हता. मी विचारलंही नव्हतं.

आपल्याकडे माणसं मरतात ती मुख्यतः चार सापांनी: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. घोणस आणि फुरशाचं विष रक्ताच्या गोठण्यावर जातं. नाग आणि मण्यार नसा आणि स्नायू जिथे जुळतात तिथला निरोप तोडतात. नाग चावला की बहुतेक वेळा जागा सुजते, दुखते, आणि साप दिसलेलाही असतो. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दात बारीक, दुखत जवळजवळ नाही, माणूस कधीकधी जागाही होत नाही. मग पहाटे पोटात कळ, घशात विचित्र वाटणं, उलटी. त्यामागे साप असेल हे ना पेशंटच्या मनात येतं, ना नातेवाइकांच्या, ना नव्या डॉक्टरच्या. म्हणून पावसाळ्यात पहाटे पोटदुखी घेऊन आलेल्या, काल रात्रीपर्यंत धडधाकट असलेल्या प्रत्येकाला पहिला प्रश्न हा विचारायचा: काल कुठे झोपला होतात? खाली की खाटेवर? शेजारी कुणाला काही झालं का? मग पापण्या बघायच्या.

पापण्या बघणं म्हणजे नुसतं डोळ्यांत बघणं नव्हे. पेशंटला वर बघायला सांग आणि पूर्ण एक मिनिट तसंच बघत राहायला लाव. दमलेल्या माणसाच्या पापण्या तेवढा वेळ टिकतात. विष चढत असेल तर त्या हळूहळू खाली येतात, आणि माणूस कपाळाला आठ्या घालून किंवा मान मागे टाकून बघायचा प्रयत्न करतो. पक्षाघात साधारण वरून खाली उतरतो. आधी पापण्या, मग डोळ्यांची हालचाल, मग गिळणं आणि आवाज, मग मान, आणि मग श्वास. त्या बाईनं मला पापण्यांच्या टप्प्यावर स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. मी ऐकलं ते मानेपर्यंत गेल्यावर, आणि तेही मावशींमुळे.

ऑक्सिमीटरनं मला फसवलं असं मी पूर्वी म्हणायचे. आता म्हणत नाही, कारण ते यंत्र मी विचारलं त्याचंच उत्तर देत होतं. रक्तात प्राणवायू किती, एवढंच ते सांगतं. श्वासाचे स्नायू थकत असतात तेव्हा प्राणवायूचा आकडा बराच वेळ टिकून राहतो, नाकात ऑक्सिजन लावलेला असेल तर आणखीच. तोवर आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो, पेशंट गुंगीत जातो, आणि आपल्याला वाटतं की शांत झोप लागली. आकडा ९० च्या खाली येतो तेव्हा हातात मिनिटं उरलेली असतात.

त्यामुळे अशा पेशंटपाशी तीन गोष्टी करायच्या, दर अर्ध्या तासानं, आणि प्रत्येक वेळी वेळ लिहून. उशीवरून डोकं उचलून काही सेकंद धरायला सांगायचं. तोंडात थुंकी साठते का बघायचं. आणि खोल श्वास घेऊन एका दमात एक, दोन, तीन असे आकडे म्हणायला लावायचे. धडधाकट माणूस तिशी-चाळिशी सहज गाठतो. १५ च्या आत आला तर नळी घालायची तयारी तिथल्या तिथे सुरू करायची. पण त्या एका आकड्यापेक्षा उतार जास्त सांगतो. पाच वाजता २८, साडेपाचला २२, सहाला १७ असं कुणी झालं, तर ऑक्सिमीटरवर ९९ असले तरी तू मला सहाच्या आधीच उठवलेलं असलं पाहिजेस. आणि हे कुणीही करू शकतं. यंत्र लागत नाही, लॅब लागत नाही, घड्याळ आणि कागद पुरतो.

त्या सकाळी माझ्या सिनियर धावत आल्या आणि त्यांनी नळी घातली. व्हेंटिलेटर मोकळा नव्हता, म्हणून पावणेदोन तास आम्ही आळीपाळीनं अंबू बॅग दाबली, मी, एक इंटर्न आणि तेच दीर. अँटी-स्नेक व्हेनमच्या, म्हणजे एएसव्हीच्या, १० व्हायल सलाईनमधून तासाभरात दिल्या. ही क्रमवारी लक्षात ठेव, कारण पाठ केलेल्या उत्तरात एएसव्ही पहिल्या ओळीत असतं. श्वास जात असलेल्या पेशंटमध्ये नळी आधी, एएसव्ही नंतर. एएसव्ही रक्तात फिरणाऱ्या विषाला बांधतं. मण्यारीचं विष नसेच्या टोकाला आतून इजा करतं, आणि ती इजा झाली की औषधानं उलटत नाही, टोक नव्यानं सावरायला दिवस लागतात. म्हणून "एएसव्ही दिलं, आता बरं वाटेल" असं नातेवाइकांना सांगू नकोस. ॲट्रोपिन देऊन निओस्टिग्मिनची चाचणी आपण करतो, तासभर पापण्यांकडे बघतो. नागाच्या दंशात कधीकधी डोळे उघडलेले दिसतात, मण्यारीच्या दंशात फारसा फरक पडत नाही. फरक दिसला नाही तर पुन्हा पुन्हा देत बसायचं नाही.

एएसव्ही सुरू करताना आपल्या युनिटमध्ये एक शिस्त आहे. ॲड्रिनलिन सिरिंजमध्ये भरून, नाव लिहून, पेशंटच्या उशाशी ठेवल्याशिवाय पहिला थेंब सुरू होत नाही. मोठ्या माणसाला १:१००० चं अर्धा मिली, मांडीत, स्नायूमध्ये. एएसव्ही घोड्याच्या रक्तापासून बनतं, रिॲक्शन येणारच असं धरून उभं राहायचं. आधी कातडीखाली टेस्ट डोस देऊन काही कळत नाही, तो देऊ नकोस. खाज, पित्त उठणं, उलटी, खोकला, यातलं काहीही दिसलं तर ठिबक बंद, ॲड्रिनलिन, मग मला फोन. पेशंट सावरला की एएसव्ही पुन्हा, हळू, सुरू करायचं असतं. रिॲक्शन आली म्हणून ते कायमचं सोडून देणं ही चूक मी रेफर होऊन आलेल्या पेशंटमध्ये वारंवार पाहिली आहे. लहान मुलालाही व्हायल तेवढ्याच लागतात, कारण सापानं विष मुलाचं वजन बघून सोडलेलं नसतं.

आणि साप माहीत नसेल तर रक्ताची वीस मिनिटांची चाचणी. नवी, कोरडी काचेची नळी, २ मिली रक्त, २० मिनिटं हात न लावता ठेवायचं, मग एकदाच तिरकी करायची. प्लॅस्टिकची नळी किंवा साबणानं धुतलेली काच घेतलीस तर रक्त गोठणार नाही आणि तू घोणस समजून बसशील. आमच्या कॅज्युअल्टीत त्यासाठी काचेच्या नळ्यांचा वेगळा डबा आहे. पहिल्याच दिवशी सिस्टरकडून तो कुठे असतो ते बघून घे. मण्यारीच्या दंशात ही चाचणी सहसा नॉर्मल येते, म्हणून ती नॉर्मल आली की सापच नाही असा अर्थ काढू नकोस. त्या बाईची नॉर्मलच आली होती.

तिच्याबद्दल अजून एक सांगायचं आहे. दुसऱ्या दिवशी ती व्हेंटिलेटरवर पूर्ण निश्चल होती. हात-पाय लुळे, रिफ्लेक्स नाहीत, बुबुळं मोठी, उजेडाला हलत नाहीत, डोळे फिरत नाहीत. मेंदू गेल्याचं चित्र पुस्तकात असतं अगदी तसं. एका डॉक्टरांनी तिच्या खाटेशी उभं राहून म्हटलं, आता काही उरलं नाही, नातेवाइकांना कल्पना द्या. माझ्या सिनियर म्हणाल्या, सर्पदंश आहे, थांबू या. मण्यारीचं विष बुबुळाच्या आणि डोळ्यांच्या स्नायूंनाही लुळं करतं, मेंदू मात्र जागा असतो. पाचव्या दिवशी तिच्या उजव्या हाताचं बोट हललं. नवव्या दिवशी ती चालत घरी गेली. जाताना तिनं मला विचारलं, "ते 'काही उरलं नाही' म्हणणारे डॉक्टर कुठले?" तिनं सगळं ऐकलं होतं.

म्हणून आपल्या युनिटमध्ये नळी घातलेल्या प्रत्येक पेशंटशी बोलायचं. मी अमुक डॉक्टर, आता घशातली थुंकी ओढणार आहे, थोडं टोचेल, असं मोठ्यानं सांगायचं. डोळ्यांत मलम घालायचं, पापण्या मिटून पट्टी लावायची, झोपेचं औषध चालू आहे ना ते बघायचं. आणि न्यूरोटॉक्सिक सर्पदंशात मेंदू गेला असं वाक्य खाटेशी, पॅसेजमध्ये, कुठेही काढायचं नाही.

आता तुझा फोनचा प्रश्न. क्रम असा: तू जेआर-टूला किंवा जेआर-थ्रीला, ते सीनियर रेसिडेंटना, ते असिस्टंट प्रोफेसरना, ते मला. पण वरचा माणूस पाच मिनिटांत उचलत नसेल, किंवा त्याच्या उत्तरानं तुझं समाधान होत नसेल, तर तू सरळ मला फोन करायचा. पायऱ्या ओलांडल्या म्हणून आमच्याकडे कुणी रागावत नाही. सोमवारी राउंडवर सगळ्यांसमोर मी हे पुन्हा बोलणार आहे, म्हणजे तुझ्या सिनियर्सनाही ते माझ्याकडून ऐकलेलं असेल.

फोनवर पहिलं वाक्य महत्त्वाचं. नवे डॉक्टर हिस्ट्रीपासून सुरू करतात. रात्री अडीचला मला "मॅडम, एक ३२ वर्षांची फीमेल, भातलावणी करणारी, परवापासून..." असं ऐकू आलं की मुद्दा येईपर्यंत एक मिनिट जातं. तू असं म्हण: "मॅडम, कॅज्युअल्टीत एका बाईचा श्वास थकतोय, मला वाटतं सर्पदंश आहे, नळी लागेल, तुम्ही या." मग बाकीचं. त्यात चार गोष्टी आल्या, कुठे, काय बिघडतंय, तुला काय वाटतं, आणि तुला माझ्याकडून काय हवंय. शेवटची बहुतेक जण गाळतात. मी फोनवर ऐकून "बरं, लक्ष ठेव" म्हणते आणि तू फोन ठेवतेस, अशी दोघींच्या मनात दोन वेगळी चित्रं घेऊन आपण झोपतो. मला यायला सांगायचं असेल तर "या" असं सांग.

आणि कधी कधी तुझ्याकडे कारण नसेल. आकडे ठीक असतील, रिपोर्ट ठीक असतील, पण पेशंट बरा दिसत नसेल. तेव्हा "कारण सांगता येत नाही, पण काळजी वाटतेय" एवढं वाक्य पुरतं, आमच्या युनिटमध्ये ते फोनचं पूर्ण कारण धरलं जातं. हाच नियम सिस्टर आणि मावशी-मामांना लागू आहे. त्यांच्यापैकी कुणी तुला बोलावलं, की हातातलं सोडून खाटेपाशी जायचं, लांबून उत्तर द्यायचं नाही. त्या मावशींनी मला बोलावलं नसतं तर तिला दुपारपर्यंत कुणी बघितलं नसतं.

एका गोष्टीवर मात्र माझी अपेक्षा कडक आहे: श्वासाची गती पूर्ण एक मिनिट मोजायची. पंधरा सेकंद मोजून चौपट नाही, आणि अंदाजानं २० तर मुळीच नाही. आपल्या जुन्या केसपेपरांचं एखादं दप्तर काढून बघ, पानामागून पान श्वासाची गती २० लिहिलेली दिसेल. न्यूमोनिया, सेप्सिस, मधुमेहातली ॲसिडोसिस, यांत बीपी पडायच्या आधी तीच वाढते. ३० दिसली की पेशंट इतर बाबतीत कितीही बरा बोलत असो, तू वरच्याला सांगितलेलं असायला हवं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं विंचूदंशातलं काम तू फार्माकोलॉजीत प्राझोसिनच्या एका ओळीत वाचलं असशील. ते रायगड जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात सुरू झालं, खाटेशी बसून रुग्णाची नाडी, बीपी, घाम, हातापायांचा गारवा बघण्यातून. लाल विंचवाच्या दंशात माणूस नेमका कसा मरतो हे त्यातून कळलं, आणि मगच औषध सापडलं.

रात्रीचं ओव्हर हा दुसरा नाजूक प्रसंग. जाणारा थकलेला, येणाऱ्याला नाश्ता करायचा असतो, आणि पेशंटच्या नशिबी "१२ नंबर, व्हेंटवर, स्टेबल" एवढं येतं. आमच्याकडे आजारी पेशंटचं ओव्हर खाटेपाशीच होतं, दोघांनी एकत्र बघून. सर्पदंशाच्या पेशंटचं कसं असावं ते लिहिते. "मण्यार असावी, पहाटे चारला लक्षणं, साडेसातला नळी, ओठांशी २० सेंटिमीटरवर, एएसव्ही १० व्हायल साडेनऊला संपलं, रिॲक्शन नाही. लघवी सकाळपासून ४०० मिली. आता बुबुळं हलत नाहीत, ते विषानं आहे. दुपारी नळी अडकेल अशी मला भीती आहे, थुंकी खूप येतेय, दर तासाला ओढ. नवऱ्याला सांगितलंय की आठवडा लागेल." काय होऊ शकेल आणि झालं तर काय करायचं, ते यात आलं. येणारा ऐकून परत बोलून दाखवेल, मग तू जायचंस. पाच मिनिटं लागतात. राउंड त्यामुळे उशिरा सुरू झाला तर चालेल.

कागदांचं एक. सर्पदंश, विषबाधा, अपघात यांची एमएलसी करायची, आणि केसपेपरवर घटना कुठे, कधी, काय करताना घडली हे स्वच्छ लिहायचं. तुला ते कारकुनी वाटेल. पण शेतकरी कुटुंबांसाठीच्या गोपीनाथ मुंडे योजनेत सर्पदंश आणि विंचूदंश धरलेले आहेत, आणि मृत्यू झाला तर घरच्यांना २ लाख रुपयांचं साहाय्य मिळतं. तो दावा बऱ्याचदा आपल्या केसपेपरवर उभा राहतो किंवा पडतो. पहाटे चारला तू "अज्ञात किड्याचा दंश" असं घाईत लिहिलंस, तर तीन महिन्यांनी घरची माणसं कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत राहतात. संशय असेल तर "मण्यारीच्या दंशाचा दाट संशय" असं कारणांसह लिही, आणि सर्पदंशाची लक्षणं काय काय दिसली ते वेळेसह.

चुकशील. पोस्ट-इमर्जन्सीच्या दुपारी, तीस तास जागं राहून डोस लिहिताना चुकशील. तेव्हा इन्सुलिन, पोटॅशियम, हेपरिन यांची ऑर्डर दुसऱ्या कुणालातरी मोठ्यानं वाचून दाखवायची, इंटर्न असला तरी चालेल. आणि चूक झालीच तर त्याच तासात मला सांग. लवकर कळली तर बहुतेक चुका सावरता येतात, आणि नातेवाइकांशी बोलायला मी तुझ्याबरोबर येईन. तू एकटी जायचं नाहीस. लपवलेली चूक मात्र मी सोडत नाही, हे तुझ्या सिनियर्सना विचारून घे.

सोमवारी पावणेआठला वॉर्डच्या दारात ये. सेकंदकाटा असलेलं घड्याळ, टॉर्च, हॅमर आणि स्टेथो आण, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीची प्रत ऑफिसात द्यायची विसरू नकोस. सिस्टर इन्चार्ज तुला क्रॅश ट्रॉली उघडून दाखवतील. प्रत्येक कप्पा स्वतःच्या हातानं उघड, लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का बघ, अंबू बॅग दाबून बघ. दुपारी दीडला आम्ही सगळे वॉर्डाशेजारच्या खोलीत एकत्र डबा खातो, तुझा डबा नसला तरी ये.

आपली पहिली इमर्जन्सी गुरुवारी आहे. त्या रात्री मी घरी जाणार नाही, वरच्या मजल्यावर ड्यूटी रूममध्ये असेन. तुझा पहिला फोन कशासाठीही असू दे, मी खाली येईन आणि आपण दोघी मिळून पेशंट बघू.